कोणी काय केले: चौदा भूमिकांमध्ये मावणारी संशोधनाची वही

आजकाल अनेक शोधनिबंधांच्या शेवटी, संदर्भसूचीच्या आधी, एक लहानसा परिच्छेद असतो. त्यात प्रत्येक लेखकाची आद्याक्षरे आणि त्याने केलेल्या कामांची नावे दिलेली असतात. संकल्पना अमक्याची, विश्लेषण तमकीचे, पहिला मसुदा दोघांचा, असा तो मजकूर असतो. त्याला योगदान-निवेदन म्हणतात. छापून आल्यावर ते चार-पाच ओळींचे दिसते. मात्र ज्या नोंदींतून ते काढायचे, त्या दीड-दोन वर्षांच्या असतात आणि प्रयोगवही, दौऱ्याची डायरी, बैठकींची टिपणे, ईमेल, खर्चाच्या पावत्या आणि संगणकावरच्या फायलींचा इतिहास अशा ठिकाणी विखुरलेल्या असतात. एवढ्या नोंदींचे चार ओळींत रूपांतर करताना कोणाचे काम गळू नये आणि न केलेले काम कोणाच्या नावावर चढू नये, ही या लेखनातली खरी कसोटी आहे.

निवेदनाची गरज पडली, कारण नुसत्या नावांच्या यादीतून फारसे कळत नाही. जीवशास्त्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. गणितात नावे बहुतेक वेळा वर्णानुक्रमे लावतात, त्यामुळे तिथे क्रमाला अर्थच नसतो. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाविषयीचा एक निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात आला. त्याला ५१५४ लेखक होते आणि ३३ पानांपैकी २४ पाने त्यांची नावे व संस्था यांनीच भरली होती. अशा यादीतल्या चारशेव्या नावाने नेमके काय केले, हे वाचकाला समजायला काही मार्ग नाही. पाच लेखकांच्या निबंधातही अडचण हीच असते, फक्त ती डोळ्यांत भरत नाही.

यावरचा उपाय १९९७ मध्ये ड्रमंड रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडला होता. चित्रपटाच्या अखेरीस जशी कामानुसार नावे येतात तशी ती निबंधातही यावीत आणि लेखकाऐवजी योगदानकर्ता ही कल्पना रूढ व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. काही वैद्यकीय नियतकालिकांनी तसे निवेदन मागायला सुरुवात केली, पण प्रत्येक जण ते आपल्या शब्दांत लिही. एकाचे ‘अभ्यासात सहभाग’ आणि दुसऱ्याचे ‘कामात मदत’ यांची तुलना करणे शक्य नव्हते. २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ आणि वेलकम ट्रस्ट यांनी या प्रश्नावर कार्यशाळा घेतली. तिच्यातून पुढे चौदा भूमिकांची ठरावीक यादी तयार झाली आणि २०१४ मध्ये ‘नेचर’मधील लेखातून ती जगापुढे आली. ही यादी ‘क्रेडिट’ या नावाने ओळखली जाते. २०२२ मध्ये अमेरिकेतील निसो या मानक ठरवणाऱ्या संस्थेने तिला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. आज मोठे प्रकाशक निबंध स्वीकारताना याच यादीतून भूमिका निवडायला सांगतात.

चौदा भूमिका कामाच्या ओघात पाहिल्या तर लक्षात ठेवायला सोप्या जातात. आरंभी येते संकल्पना, म्हणजे संशोधनाचा प्रश्न आणि उद्दिष्ट ठरवणे. त्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधायचे, याचा आराखडा म्हणजे कार्यपद्धती. पैसा मिळवणे ही निधी उभारणी. नमुने, उपकरणे, रसायने, रुग्ण किंवा संगणकीय सोयी उपलब्ध करून देणे ही साधनसामग्री. प्रत्यक्ष प्रयोग करणे किंवा माहिती गोळा करणे म्हणजे तपास. गोळा झालेली माहिती साफ करणे, तिच्यावर खुणा-टिपा घालणे आणि ती पुन्हा वापरता येईल अशी जपणे म्हणजे माहितीची निगा. त्यानंतर संख्याशास्त्रीय किंवा तत्सम विश्लेषण, प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअरचे काम, निष्कर्ष पुन्हा तपासून पाहण्याची पडताळणी आणि आलेख-नकाशांची दृश्यमांडणी येते. लेखनाच्या भूमिका दोन आहेत: पहिला मसुदा, आणि परीक्षण व संपादन. उरलेल्या दोन भूमिका सगळ्या कामावर पसरलेल्या असतात. एक देखरेख, म्हणजे मार्गदर्शन आणि नेतृत्व. दुसरी प्रकल्प व्यवस्थापन, म्हणजे नियोजन आणि समन्वय.

यादी वापरण्याचे नियम मोजके आहेत. एक भूमिका अनेकांना देता येते आणि एका व्यक्तीला अनेक भूमिका मिळू शकतात. प्रत्येक निबंधात चौदाही भूमिका असल्याच पाहिजेत असे नाही. एकाच भूमिकेत अनेक जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्यापुढे मुख्य, समान किंवा पूरक असा दर्जा लावण्याची मुभा आहे. शेवटचा नियम फार महत्त्वाचा आहे, तो असा की भूमिका मिळाल्याने कोणी आपोआप लेखक होत नाही. लेखक कोणाला म्हणायचे, हे ही यादी ठरवत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्यासाठी चार अटी घातल्या आहेत. आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा असावा. मसुदा लिहिण्यात किंवा त्याचे चिकित्सक परीक्षण करण्यात सहभाग असावा. अंतिम मजकुराला संमती असावी आणि कामाची जबाबदारी स्वीकारलेली असावी. चारही अटी पूर्ण झाल्या तरच लेखकपद मिळते. केवळ निधी मिळवून दिला किंवा वरवर देखरेख केली, तर ते पुरेसे ठरत नाही.

नोंदवहीतून निवेदन कसे निघते, हे एका कल्पित अभ्यासावरून पाहता येईल. समजा, एका महाविद्यालयाने आपल्या परिसरातल्या साठ विहिरींच्या पाण्यातले फ्लोराइड मोजायचे ठरवले. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा नमुने घ्यायचे होते, म्हणजे एकूण १२० नमुने झाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. कोणत्या विहिरी ही मर्यादा ओलांडतात, हा प्रश्न होता. कामाला एक प्राध्यापिका, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, एक प्रकल्प सहायक आणि संख्याशास्त्र शिकवणारे एक सहकारी होते. मोजणीसाठी दुसऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेतला फ्लोराइड इलेक्ट्रोड वापरला. तिथले प्रमुख आणि एक तंत्रज्ञ असे आणखी दोघे त्या निमित्ताने आले. दीड वर्षात सुमारे चारशे नोंदी जमा झाल्या.

पहिले काम नोंदी एका तक्त्यात आणण्याचे. प्रत्येक ओळीत चार रकाने पुरतात: तारीख, व्यक्ती, केलेली कृती आणि त्या कृतीतून निघालेली वस्तू. चौथा रकाना बहुतेक लोक गाळतात, आणि तोच सर्वांत उपयोगी असतो. ‘बैठक झाली, चर्चा केली’ या नोंदीतून काहीच निघाले नसेल तर ती कोणत्याही भूमिकेकडे जात नाही. ‘बैठकीत ठरल्याप्रमाणे नमुना-यादी बदलली’ या नोंदीतून बदललेली यादी निघते आणि ती यादी पुढे निबंधात दिसते. म्हणून ही नोंद राहते. याच वेळी या निबंधाशी संबंध नसलेल्या नोंदी बाजूला काढायच्या. अनुदानाचा वार्षिक अहवाल, दुसऱ्या परिषदेसाठीचे भित्तिपत्रक, कार्यालयीन रजा यांची योगदानात गणना होत नाही. निवेदन एका निबंधाचे असते. ते प्रकल्पाचे किंवा माणसाच्या एकूण कष्टाचे नसते.

दुसरी पायरी नोंदींचे तुकडे करण्याची. सहायकाच्या डायरीत लिहिलेले असते, ‘पंचायत समितीतून विहिरींची यादी आणली, दुबार आलेली नावे काढली, प्रत्येकीला क्रमांक दिला.’ वाक्य एक असले तरी कृती दोन आहेत. यादी मिळवणे हा तपासाचा भाग, आणि दुबार नावे काढून क्रमांक देणे ही माहितीची निगा. तुकडे केले नाहीत तर दुसरी कृती पहिलीत बुडून जाते. माहितीची निगा ही भूमिका अशीच सर्वांत अधिक हरवते, कारण ती नेहमी दुसऱ्या कामाच्या शेपटीसारखी लिहिलेली असते. निवेदनात ही भूमिका रिकामी आणि निबंधात मात्र नीटनेटका माहितीसंच दिसला, तर कोणाचे तरी काम गळाले आहे असे खुशाल समजावे.

तुकडे झाले की प्रत्येकाला एक भूमिका द्यायची. इथे निर्णय कृतीच्या क्रियापदावरून घ्यायचा, माणसाच्या पदावरून नाही. प्राध्यापिका आहेत म्हणून संकल्पना, विद्यार्थिनी आहे म्हणून तपास, असा भूमिकेचा तर्क करून मग नोंदी शोधत बसणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. या उदाहरणात संशोधनाचा प्रश्न प्राध्यापिकांनीच मांडला होता, त्यामुळे संकल्पना त्यांच्याकडे जाते. पण डिसेंबरमधल्या एका टिपणात नोंद आहे की ओढ्याकाठच्या विहिरी वेगळ्या गटात घ्याव्यात, असे विद्यार्थिनीने सुचवले आणि त्याप्रमाणे नमुना-आराखडा बदलला. ही कृती संकल्पना की कार्यपद्धती, असा प्रश्न पडतो. प्रश्न बदलला असेल तर संकल्पना, आणि प्रश्न तोच ठेवून उत्तर शोधण्याची वाट बदलली असेल तर कार्यपद्धती, असा विचार केला की गुंता सुटतो. ‘कोणत्या विहिरींत फ्लोराइड जास्त’ हा प्रश्न तसाच राहिला, म्हणून ही नोंद कार्यपद्धतीत गेली. पुढे मात्र तिनेच आणखी एक सुचवले: पावसाळ्याआधी आणि नंतर होणारा फरक हाच मुख्य मुद्दा करावा. निबंधाचे शीर्षकही त्यावरून ठरले. इथे उद्दिष्टच बदलले, त्यामुळे संकल्पनेत तिचा वाटा आला. प्रमुखांच्या नावावरच संकल्पना लावून टाकली असती तर हे नाव निसटले असते.

अशा सीमारेषा आणखी आहेत. विद्यार्थिनीने विहिरींभोवतीच्या घरांसाठी प्रश्नावली मराठीत तयार केली. भाषांतर म्हटले की पहिल्या मसुद्याच्या भूमिकेची आठवण होते, कारण क्रेडिटच्या व्याख्येत त्या भूमिकेत महत्त्वाच्या अनुवादाचाही समावेश आहे. पण तो अनुवाद छापल्या जाणाऱ्या निबंधाचा. प्रश्नावली हे माहिती गोळा करण्याचे साधन असल्याने ती तयार करणे कार्यपद्धतीत जाते आणि घरोघर ती वाचून दाखवून उत्तरे लिहिणे तपासात. संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांनी विश्लेषणासाठी काही शे ओळींचा प्रोग्राम लिहिला, तर त्यांना सॉफ्टवेअरही द्यायचे का? प्रोग्राम या एका विश्लेषणापुरताच असेल तर तो विश्लेषणाचाच भाग समजणे योग्य. इतरांना वापरता यावे म्हणून साधन बांधले, तपासले आणि खुले केले असेल तर सॉफ्टवेअर ही स्वतंत्र भूमिका ठरते. संशोधनविश्वात या मुद्द्यावर एकमत नाही, म्हणून कोणता निकष लावला हे संघाने आधीच ठरवून सर्वांना सारखा लावावा. देखरेख आणि व्यवस्थापन यांतही गल्लत होते. दर आठवड्याला विद्यार्थिनीचे निकाल पाहून पुढची दिशा सांगणे ही देखरेख. गाडी ठरवणे, नमुन्यांच्या वाहतुकीचे वेळापत्रक बसवणे, परवानग्यांचा पाठपुरावा करणे हे प्रकल्प व्यवस्थापन. वहीतल्या नोंदी पाहता दुसरे काम जवळजवळ सगळे विद्यार्थिनीने केले होते.

भूमिका देताना संख्येच्या मोहात पडू नये. ज्या संघांत संगणकीय फायली गिट या प्रणालीत ठेवतात तिथे `git shortlog -sn` ही आज्ञा दिली की प्रत्येकाने किती वेळा बदल नोंदवले, याची उतरती यादी लगेच मिळते. ती पाहण्यासारखी असते, पण वाटा ठरवायला कामाची नसते. कोणी दर दहा मिनिटांनी बदल नोंदवतो, कोणी आठवड्यातून एकदा. स्वल्पविराम दुरुस्त केला आणि संपूर्ण गणित पालटले, तरी मोजणीत दोन्ही एकच. योगदान-निवेदन तास मोजत नाही. कोणत्या प्रकारच्या कामात कोणाचा खरा हात होता, एवढेच ते सांगते.

या अभ्यासातली सर्वांत बोलकी नोंद मात्र मोजणीच्या वहीतच होती. फ्लोराइड मोजताना नमुन्यात ठरावीक प्रमाणात बफर द्रावण घालावे लागते. त्याने पाण्याची आम्लता आणि क्षारांचे प्रमाण एका पातळीवर येते, आणि लोह किंवा अॅल्युमिनियमने धरून ठेवलेले फ्लोराइड मोकळे होते. द्रावण कमी पडले तर फ्लोराइड अडकूनच राहते आणि आकडा खराहून कमी येतो. नमुन्यांपैकी दहा टक्के पुन्हा मोजायचे, असे आराखड्यात होते. बारा नमुने मोजताना पावसाळ्यानंतरच्या एका खेपेतले आकडे आधीच्या मोजणीशी जुळत नाहीत, हे तंत्रज्ञाच्या लक्षात आले. त्याने द्रावणाचे प्रमाण तपासले, ते कमी पडल्याचे सांगितले आणि ती संपूर्ण खेप पुन्हा मोजली. निबंधाचा मुख्य निष्कर्षच पावसाळ्याआधी व नंतरच्या फरकावर उभा होता. ही चूक राहिली असती तर पावसाळ्याने फ्लोराइड घटते असा खोटा निकाल छापला गेला असता.

प्रयोगशाळेच्या मासिक अहवालात ही नोंद ‘प्रमुखांच्या प्रयोगशाळेत पुनर्मोजणी पूर्ण’ अशी आहे. नुसता अहवाल पाहिला तर पडताळणी ही भूमिका प्रमुखांच्या नावावर जाते. मोजणीची वही उघडली तर प्रत्येक आकड्यापुढे सही तंत्रज्ञाची आहे. प्रमुखांनी उपकरण वापरू दिले, म्हणजे साधनसामग्री त्यांची. पडताळणी तंत्रज्ञाची. आता लेखकपदाच्या अटी लावल्या तर चित्र उलटते. प्रमुखांनी ना आखणीत भाग घेतला, ना मसुदा वाचला. साधनसामग्री एवढ्यावर लेखकपद मिळत नाही, म्हणून त्यांचे ऋण त्यांच्या संमतीने आभाराच्या परिच्छेदात मानायचे. तंत्रज्ञाचा वाटा मात्र निष्कर्षाच्या गाभ्याशी आहे. मसुदा वाचून दुरुस्त्या सुचवण्याची, अंतिम मजकुराला संमती देण्याची आणि जबाबदारी घेण्याची संधी त्याला द्यायला हवी. त्याने ती घेतली की तो लेखक होतो. मसुदा न दाखवता ‘तुम्ही अटी पूर्ण करत नाही’ असे म्हणून नाव वगळणे हा त्या अटींचा गैरवापर आहे. अशा प्रसंगात नोंदवहीची ताकद कळते. मूळ नोंद पाहिल्यावर पदाच्या वजनाखाली दबलेले काम वर येते.

यापुढची पायरी एकसारखे तुकडे एकत्र करण्याची. चारशे नोंदींतून गाळून, तुकडे करून, सारख्या कृती जोडल्या की साधारण पंचवीस-तीस गट उरतात: ‘नमुने घेणे’, ‘इलेक्ट्रोडचे मानकीकरण’, ‘नकाशे’, ‘निधीचा प्रस्ताव’ असे. प्रत्येक गटापुढे व्यक्ती लिहिल्या की व्यक्ती आणि भूमिका यांचा तक्ता तयार होतो. त्यात प्रत्येक खुणेखाली किमान एका मूळ नोंदीचा क्रमांक असावा. क्रमांक सापडत नसेल तर ती खूण काढून टाकायची किंवा नोंद शोधायची. ही शिस्त पाळली की ‘सगळ्यांनीच सगळे केले’ असे निवेदन बनणे अवघड होते. असे निवेदन ओळखणे सोपे असते. प्रत्येकापुढे त्याच सात-आठ भूमिका असतात, पहिला मसुदा सहा जणांनी लिहिलेला असतो आणि पूरक हा दर्जा एकालाही नसतो. त्यातून वाचकाला काहीच समजत नाही.

दर्जा ठरवताना माणसे एकमेकांशी बोलली पाहिजेत, कारण आपला वाटा मोठा वाटणे हा स्वभाव आहे. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी विवाहित जोडप्यांना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हा दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णाहून जास्त झाली. लबाडी हे त्याचे कारण नसते. स्वतः केलेले काम सहज आठवते आणि दुसऱ्याचे आठवत नाही. संशोधन-संघातही हेच घडते. म्हणून आधी प्रत्येकाने आपल्या भूमिका स्वतंत्रपणे लिहाव्यात, मग नोंदींच्या तक्त्याशी त्या ताडून पाहाव्यात आणि जिथे फरक दिसेल तिथेच चर्चा करावी. या उदाहरणात निधी उभारणीवर असा फरक निघाला. प्रस्तावावर सही प्राध्यापिकांची होती, पण त्यातला कार्यपद्धतीचा भाग विद्यार्थिनीने लिहिल्याचे ईमेलमध्ये दिसत होते. तिला पूरक दर्जा मिळाला. हे काम शेवटच्या आठवड्यात करण्याऐवजी दर तीन-चार महिन्यांनी केले तर भांडणे टळतात आणि सोडून गेलेल्या सहायकाला विचारण्याची सोयही राहते. अॅलेक्स होलकोंब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘तेनझिंग’ नावाचे एक मोफत साधन तयार केले. संघाने सामायिक तक्त्यात खुणा भरल्या की ते निवेदनाचा मजकूर तयार करून देते. एव्हरेस्टच्या पहिल्या यशस्वी चढाईतले तेनझिंग नोर्गे यांच्यावरून त्याचे नाव ठेवले आहे. ज्यांचे योगदान मोठे, पण श्रेय मात्र कमी दिले गेले, अशांची ते नाव आठवण करून देते.

शेवटी मजकूर. प्रत्यक्ष निवेदनात आद्याक्षरे असतात. येथे ओळख पटावी म्हणून पदे ठेवली आहेत.

संकल्पना: प्राध्यापिका (मुख्य), विद्यार्थिनी (पूरक). कार्यपद्धती: विद्यार्थिनी (मुख्य), संख्याशास्त्रज्ञ (पूरक). तपास: विद्यार्थिनी आणि प्रकल्प सहायक (समान). माहितीची निगा: प्रकल्प सहायक. विश्लेषण: संख्याशास्त्रज्ञ (मुख्य), विद्यार्थिनी (पूरक). पडताळणी: तंत्रज्ञ. दृश्यमांडणी: प्रकल्प सहायक. पहिला मसुदा: विद्यार्थिनी (मुख्य), संख्याशास्त्रज्ञ (पूरक). परीक्षण व संपादन: सर्व लेखक. देखरेख: प्राध्यापिका. प्रकल्प व्यवस्थापन: विद्यार्थिनी (मुख्य), प्राध्यापिका (पूरक). निधी उभारणी: प्राध्यापिका (मुख्य), विद्यार्थिनी (पूरक).

बारा भूमिका भरल्या. सॉफ्टवेअर रिकामे राहिले, कारण निकष तसा ठरला होता. साधनसामग्रीची नोंद आभारात गेली. यादी केवळ लेखकांपुरती असावी असे मानक म्हणत नाही. लेखक नसलेल्यांच्या भूमिकाही तीत देता येतात. मात्र अनेक नियतकालिकांच्या अर्जात लेखकांच्या नावांपुढेच खुणा करण्याची सोय असते, तेव्हा आभाराचा परिच्छेद हीच जागा उरते. तिथेही ‘मदत केली’ एवढे न लिहिता भूमिकेचेच शब्द वापरावेत: ‘फ्लोराइड इलेक्ट्रोड अमुक यांनी उपलब्ध करून दिला.’

अर्ज भरताना या भूमिका ठरावीक नावांनीच निवडाव्या लागतात. ‘माहिती जमवणे आणि साफ करणे’ अशी स्वतःची भूमिका बनवली तर मजकूर वाचता येतो, पण संगणकाला तो ओळखता येत नाही. ठरावीक नावे निबंधाच्या संगणकीय नोंदीत जोडली जातात. त्यावरून एखाद्या व्यक्तीने वेगवेगळ्या निबंधांत पडताळणी किती वेळा केली, असा शोध घेता येतो. संशोधकांना कायमचा ओळखक्रमांक देणारी ओर्किड ही व्यवस्थाही या भूमिका आपल्या नोंदींत ठेवते.

यादीच्या मर्यादा खऱ्या आहेत. ती प्रयोगशाळा आणि क्षेत्रकाम डोळ्यांपुढे ठेवून घडली, असे तिच्या शब्दांतून जाणवते. दफ्तरखान्यात बसून मोडी कागद वाचणाऱ्या इतिहासकाराचे काम तपास, विश्लेषण आणि पहिला मसुदा या तिन्हींत विरघळलेले असते आणि त्याला वेगळे करणे कृत्रिम ठरते. निकालांचा अर्थ लावणे या महत्त्वाच्या कामालाही स्वतंत्र भूमिका नाही. ते विश्लेषणात किंवा लेखनात टाकावे लागते. समान हा दर्जा दोघांचे काम तंतोतंत सारखे होते असे सांगत नाही. त्यावरून एवढेच समजते की दोघांपैकी कोणाचाही वाटा उघडपणे मोठा नव्हता. विहिरी दाखवणारा पाणीपुरवठा कर्मचारी, कोणत्या विहिरीचे पाणी कडू लागते हे सांगणाऱ्या बायका, चारही दौऱ्यांत गाडी चालवणारा माणूस यांची ज्ञानात भर पडलेली असते, पण चौदांपैकी एकही कप्पा त्यांना नेमका बसत नाही. त्यांच्यासाठी आभारातले एक साधे, नेमके वाक्य लागते. कोणत्या विहिरींची निवड गावकऱ्यांच्या सांगण्यावरून झाली, हे कार्यपद्धतीच्या विभागातही लिहायला हवे, कारण तिथे ते वाचकाला निष्कर्ष तपासायलाही उपयोगी पडते.

निबंध छापून आल्यावर नोंदींचा तक्ता टाकून देऊ नये. कधी एखाद्या आकड्यावर शंका येते, कधी लेखकपदाबद्दल तक्रार येते आणि नियतकालिक खुलासा मागते. निवेदनात पडताळणीपुढे एकच नाव असते. त्यामागची मोजणीची वही, खेपेचा क्रमांक आणि सही तक्त्यातून दोन मिनिटांत सापडते. निवेदन चुकले असेल तर ते दुरुस्तीच्या सूचनेद्वारे बदलता येते. त्यासाठी सर्व लेखकांची लेखी संमती घ्यावी लागते आणि बदल का केला हे मूळ नोंदीनिशी दाखवावे लागते.